आवाहनातली वेळ समुद्र ठरवतो

‘चला, आपला किनारा स्वच्छ करूया! रविवारी सकाळी भेटू. सर्वांनी मोठ्या संख्येने सहभागी व्हा.’ फोटोखाली लिहिलेलं असं आवाहन मोबाइलवर दिसलं की वाचणाऱ्याला मनापासून वाटतं, जायला हवं. लगोलग प्रश्न सुरू होतात. नक्की किती वाजता? किती वेळ थांबावं लागेल? हातमोजे मिळतील की आपले न्यायचे? आठवीतल्या मुलीला नेलं तर चालेल का? आधी नाव द्यायचं की थेट जायचं? यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर तो ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतो. हे सगळे प्रश्न गिळून थेट किनाऱ्यावर येणारे बहुधा आयोजकांचे मित्रच असतात.

पर्यावरणासाठी काम करणाऱ्या गटाला स्वयंसेवक बोलवायचे असतील, तर मजकुरात चार गोष्टी हव्यात: वेळ, काम, सोबत काय आणायचं आणि नाव कसं नोंदवायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण यातली एकही गोष्ट घरी बसून ठरवता येत नाही. प्रत्येक ओळीमागे किनाऱ्यावर आधीच घेतलेला एखादा निर्णय असावा लागतो. तो घेतलेला नसेल, तर शब्द कितीही गोड असले तरी रविवारी सकाळी चाळीस माणसं वाळूत नुसती उभी राहतात. हे निर्णय कसे घ्यायचे ते पाहण्यासाठी मुंबईतली दादर चौपाटी घेऊ. ही चौपाटी अरुंद आहे. तिच्या उत्तरेला, माहीमच्या खाडीत, मिठी नदी समुद्राला मिळते आणि शहराचा कचरा घेऊन येते. त्यामुळे इथे वेचायला कधी कमी पडत नाही. कमी पडते ती उभं राहायला जागा, तीही ठरावीक तासांत.

वेळ: आधी तिथी, मग घड्याळ

बहुतेक आवाहनांत ‘सकाळी ८ ते १०’ लिहिलेलं असतं, कारण रविवारी माणसांना ती वेळ सोयीची पडते. समुद्राचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते आणि ही सगळी साखळी रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणून एका रविवारी आठ वाजता पाणी दूर असतं, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी लाटा भिंतीला लागलेल्या असतात. दादरसारख्या अरुंद किनाऱ्यावर भरतीच्या वेळी काम करायला वाळूच उरत नाही.

कोकण किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. येणारा आकडा हीच भरतीची अंदाजे वेळ, दुपारनंतरची आणि मध्यरात्रीनंतरची. अष्टमी असेल, तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आगेमागे ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरली, तर भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या रविवारी, लालबागच्या राजाचं विसर्जन गिरगाव चौपाटीवर भरतीमुळे खोळंबलं आणि रात्री पार पडलं, हे लाखो लोकांनी दूरदर्शन संचावर पाहिलं. पौर्णिमेला दुपारच्या सुमारास पाणी चढलेलं असणार, हे त्या पाऊणपटीत आधीच लिहिलेलं असतं.

आता हाच हिशेब आवाहनासाठी वापरून पाहू. रविवारी एकादशी असेल, तर भरती सव्वाआठच्या आसपास. म्हणजे सकाळची सफाई त्या दिवशी होणारच नाही. द्वादशीलाही भरती नऊच्या सुमारास, तेव्हा तो रविवारही सोडावा. रविवारी पौर्णिमा असेल, तर ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला होऊन जाते आणि माणसं जमेपर्यंत पाणी परत चढायला लागतं. तरीही विसर्जनानंतरची सफाई याच दिवशी करावी लागते. तेव्हा उजाडताच सुरुवात करून साडेआठपर्यंत आटोपणं हाच मार्ग. अष्टमीला पाणी सकाळभर उतरत जातं, पण ओहोटी बाराला असल्याने नीट वाळू मिळेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

चतुर्थीचा रविवार मात्र जमून येतो. चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, म्हणजे ओहोटी सव्वानऊच्या सुमारास. सात-सव्वासातला काम सुरू केलं, तर पुढचे दोन तास समुद्र मागे मागे जात राहतो. सुरक्षिततेसाठी नेमकं हेच हवं असतं: सफाईचे तास ओहोटीपाशी संपावेत. ओहोटी झाल्यावर काम सुरू केलं, तर पाणी पाठीमागून येत राहतं. वाकून वेचणाऱ्या माणसाला ते कळत नाही आणि भरलेल्या गोण्या भिजून जड होतात.

वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी, निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. पौर्णिमेला आणि तिच्या पाठोपाठच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. तेव्हा भरतीचं पाणी सगळ्यात वर येतं आणि तरंगता कचरा किनाऱ्याच्या वरच्या कडेला नेऊन टाकतं. पुढच्या दिवसांत उधाण ओसरत जातं, पाणी तिथवर पोहोचत नाही आणि तो कचरा उन्हात वाळतो. चतुर्थी-पंचमीला तो एका लांब रेषेत, कोरडा आणि हलका होऊन पडलेला सापडतो. तीच पिशवी चार दिवस आधी पाणी आणि वाळू भरून तिप्पट जड झालेली असते. शुद्ध चतुर्थीलाही अमावास्येच्या उधाणानंतर हेच घडतं. विनायकी असो की संकष्टी, ती रविवारी आली की दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी.

पाऊणपटीचा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोहोचते. म्हणून तारीख निवडायला तिथी वापरावी, पण आवाहनात लिहायची वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करतो. तक्त्यात वेळेशेजारी पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते, तीही पाहावी. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवशी महापालिका किनाऱ्यापासून दूर राहायला सांगते. अशा दिवशी सफाई ठेवूच नये.

वेळ लिहिताना सुरुवातीइतकाच शेवटही लिहावा. ‘७.१५ पासून’ एवढं वाचून कुणालाही उरलेल्या रविवारचं नियोजन करता येत नाही. ‘७.१५ ते ९.४५’ वाचलं की दहा वाजता घरी नाश्ता होईल, हे कळतं. आत काय काय होणार तेही एका ओळीत सांगावं: पंधरा मिनिटं हजेरी आणि सूचना, पावणेदोन तास वेचणी, शेवटचा अर्धा तास वजन, नोंद आणि गोण्या रस्त्यापर्यंत नेणं. हा शेवटचा अर्धा तास लिहिलेला नसला, तर नऊ वाजता अर्धे लोक निघून जातात आणि सगळ्यात जड काम चार-पाच जणांच्या अंगावर पडतं.

काम: वेचण्यापेक्षा उचलणं अवघड

‘किनाऱ्याची सफाई’ एवढंच लिहिलं की माणसाला वाटतं, पिशवीत कागद-बाटल्या टाकायच्या आहेत. दादरला खरं काम तिथे संपत नाही. वरच्या रेषेत खाऊची पाकिटं, बाटल्यांची झाकणं, थर्माकोल, चपला आणि गुटख्याच्या पुड्या मिळतात. त्यांच्याखाली वाळूत रुतलेलं कापड असतं. जुन्या साड्या, चादरी, बारदान आणि मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे यांच्यावर वाळू बसून त्यांचा थर झालेला असतो. असं कापड ओढायला तिघं-चौघं लागतात. एकाने जोर लावला, तर कंबर लचकते आणि कापड तसंच राहतं. फावड्याने कडेची वाळू सैल करायची, टोक वर काढायचं, झटकायचं आणि मगच गोणीत भरायचं. ‘वेचणं, ओढणं आणि वाहून नेणं’ असं मजकुरात स्पष्ट लिहिलं, तर गुडघेदुखी असलेले काका आधीच विचारतात, ‘मला बसून करायचं काही आहे का?’ आणि ते असतंच: वर्गवारी आणि नोंद.

पाच जणांचा गट सोयीचा पडतो. तिघं वेचतात, एक गोणी धरतो, एक मोजून लिहितो. चाळीस माणसं म्हणजे असे आठ गट. प्रत्येकाला किनाऱ्याचा पन्नासेक पावलांचा पट्टा दिला, तर सगळे एकाच जागी गर्दी करत नाहीत आणि कुठला भाग राहिला हे लगेच दिसतं.

मोजण्याचं काम फालतू नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या सफाईत स्वयंसेवकांनी सापडलेली प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवायला सुरुवात केली. त्यातूनच दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होणारी आंतरराष्ट्रीय किनारा-सफाई उभी राहिली. वर्षानुवर्षं तिच्या यादीत सिगारेटची थोटकं पहिल्या क्रमांकावर होती. २०१९च्या सफाईत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं. ही गोष्ट कळली ती मोजणाऱ्या हातांमुळे. नुसतं ‘इतका टन कचरा काढला’ म्हटल्याने तो कुठून आला आणि कुणाला जाब विचारायचा, हे समजत नाही. म्हणून आवाहनात ‘नोंद ठेवणं’ हे स्वतंत्र काम लिहावं. ज्यांना ओझं उचलता येत नाही, त्यांना ते आपलं वाटतं.

काय उचलायचं नाही, हेही कामाचाच भाग आहे. सुया, सिरिंज, औषधांच्या फुटक्या कुप्या दिसल्या तर हात लावायचा नाही, जागा दाखवायची. त्या गटप्रमुख चिमट्याने जाड प्लास्टिकच्या डब्यात घेतो आणि डबा वेगळा ठेवतो. बंद पिंप किंवा न ओळखू येणारं रसायन असेल, तर लांब थांबून जीवरक्षकांना किंवा पोलिसांना कळवायचं. पावसाळ्याच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यांवर निळसर फुग्यांसारखे ‘ब्ल्यू बॉटल’ जीव वाहून येतात. ते वाळूत मेल्यासारखे पडले असले, तरी त्यांचे लांब धागे डंख करतात. गुडघाभर पाण्यात उतरल्यावर वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडला, तर त्याचा शेपटीचा काटा लागतो. म्हणून ‘काम कोरड्या वाळूवरच, पाण्यात उतरायचं नाही’ ही ओळ मजकुरात हवीच. जखमी कासव दिसलं, तर त्याला पाण्यात ढकलायचं नाही. थकलेलं कासव तिथे बुडू शकतं. गर्दी हटवायची, सावली करायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

शंख-शिंपले, समुद्री शेवाळ, वाहून आलेलं लाकूड हे किनाऱ्याचंच असतं. त्याच्या आधाराने खेकडे आणि लहान जीव जगतात. ते गोणीत भरायचं नाही. वाळूही झटकून तिथेच ठेवायची, कारण दादरला वाळू आधीच कमी आहे.

गोण्या जाणार कुठे?

हा प्रश्न आवाहनात दिसत नाही, पण त्याचं उत्तर आवाहनाच्या आधी मिळवावं लागतं. हिशेब करून पाहू. आठ गटांपैकी प्रत्येकाने सहा-सात गोण्या भरल्या, तर पन्नासेक गोण्या होतात. वाळू झटकलेली एक गोणी आठ किलोची धरली, तर सगळं मिळून चारशे किलो. इतकं सामान रस्त्यावर सोडून जाता येत नाही. ते तिथेच राहिलं, तर कुत्री गोण्या फाडतात आणि रात्रीच्या भरतीत अर्धा माल परत समुद्रात जातो. सकाळची सगळी मेहनत फुकट गेली, हे दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर फेरी मारली की दिसतं.

म्हणून तारीख ठरली की पहिलं पत्र महापालिकेच्या विभाग कार्यालयाला. दादर आणि माहीम जी उत्तर विभागात येतात. तिथल्या घनकचरा व्यवस्थापन खात्याला तारीख, वेळ, माणसांचा आकडा, गोण्यांचा अंदाज आणि गाडी कुठे उभी राहू शकेल ती जागा कळवायची. होकार आल्यावरच मजकूर लिहायला घ्यायचा. चाळीस हा आकडाही इथूनच येतो. तो उत्साहाने ठरवायचा नसतो. हातमोजे किती जोड आहेत, गट सांभाळायला अनुभवी माणसं किती आहेत आणि एका गाडीत किती गोण्या बसतात, या तिन्हींतला सगळ्यात छोटा आकडा म्हणजे आपली मर्यादा.

‘गोळा केलेल्या सगळ्या प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया होईल’ असं मात्र लिहू नये. समुद्रातून आलेलं प्लास्टिक मिठाने आणि उन्हाने ठिसूळ झालेलं असतं, त्यात वाळू घुसलेली असते, पाकिटांत तर वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. त्यातलं बरंचसं भंगारवाला घेत नाही. स्वच्छ बाटल्या आणि धातू वेगळे काढता येतात, तेवढंच सांगावं.

सोबत काय: आमचं, तुमचं आणि नको ते

सामानाची यादी लिहिताना तीन भाग केले की गोंधळ संपतो: गट काय देणार, स्वयंसेवकाने काय आणायचं आणि काय आणायचं नाही.

गोण्या, हातमोजे, फावडी, जाळी कापायला कात्र्या, वजनकाटा, नोंदीचे कागद आणि प्रथमोपचाराची पेटी गटाने द्यावी. हातमोजे तळव्यावर रबराचा जाड थर असलेले सुती हवेत. दवाखान्यात वापरतात ते पातळ मोजे काचेच्या पहिल्या तुकड्यावर फाटतात आणि मग त्यांचाही कचराच होतो. मोजे आणणं लोकांवर सोडलं, तर निम्मे जण पातळच घेऊन येतात. जाड मोजे मात्र धुऊन पुन्हा वापरता येतात. म्हणून हातमोजे आपणच द्यावेत आणि ‘हातमोजे आम्ही देऊ’ असं लिहावं.

स्वयंसेवकाने पाण्याची भरलेली बाटली, टोपी, अंगभर सुती कपडे आणि जाड तळव्याचे, पाय पूर्ण झाकणारे बूट आणावेत. बुटांबद्दल जरा जोर देऊन लिहावं लागतं. किनारा म्हटलं की माणसं चपला घालून येतात किंवा अनवाणी चालतात आणि पहिली दुखापत बहुधा पायालाच होते. घरातले जुने बूट चालतील, असंही लिहावं, म्हणजे नवे खराब होतील या भीतीने कुणी थांबत नाही. नेहमीची औषधं जवळ ठेवावीत. धनुर्वाताच्या बूस्टरला दहा वर्षं होऊन गेली असतील, तर सफाईआधी डॉक्टरांना विचारावं. पायाला उघडी जखम असेल, तर त्या रविवारी येऊ नये. पावसाळ्यात साचलेल्या घाणेरड्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग जखमेवाटे होऊ शकतो.

विकतच्या पाण्याच्या बाटल्या, पाकीटबंद खाऊ, कागदी-प्लास्टिकच्या ताटल्या आणू नयेत. दागिने आणि महागडं सामानही घरीच ठेवावं, कारण वाकून काम करताना खिशातलं वाळूत पडलं की सापडत नाही.

नोंदणी: कमी प्रश्न, पक्कं उत्तर

नाव नोंदवायची एकच जागा असावी. फॉर्म, फोन, निरोप आणि ‘थेट या’ असे चार मार्ग दिले, तर चाळीसचे साठ होतात आणि कुणालाच कळत नाही. एकच फॉर्म, त्यात मोजके प्रश्न: नाव, मोबाइल, वय, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्याचा क्रमांक, आधी अशा सफाईला आला होतात का, ओझं उचलता येईल की नोंदीचं काम हवं. घरचा पत्ता, आधार क्रमांक, नोकरीचं ठिकाण यांची गरज नसते. जे लागत नाही ते विचारू नये, कारण विचारलं की ते सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा अठरा वर्षांखालच्यांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. त्यामुळे अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीची नोंद पालकांनीच करावी आणि त्या दिवशी पालकांनी सोबत थांबावं. शाळेचा गट येणार असेल, तर त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

फोटो काढायचे असतील, तर तेही फॉर्ममध्ये विचारावं. सफाईला यायला तयार असलेल्या प्रत्येकाला आपला चेहरा सगळीकडे गेलेला चालतोच असं नाही. ‘फोटो नको’ म्हणणाऱ्याला वेगळ्या रंगाची फीत दिली, तर छायाचित्र काढणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

नाव नोंदवलेल्यांपैकी काही जण येत नाहीत. त्याला उत्तर शनिवारच्या संध्याकाळी द्यायचं. प्रत्येकाला एकच निरोप: ‘उद्या ७.१५ला येताय ना? नसाल तर कळवा, प्रतीक्षेतल्यांना संधी मिळेल.’ ‘येत नाही’ असं सांगणं सोपं केलं की लोक सांगतात. प्रतीक्षायादी आहे हे मजकुरातच लिहिलेलं असेल, तर जागा घेऊन ठेवण्यातली बेपर्वाई कमी होते.

जमण्याची जागाही नोंदणीइतकीच पक्की हवी. ‘दादर चौपाटी’ हा पत्ता नव्हे, तो लांबलचक किनारा आहे. स्थानकाकडून यायचं कसं, किती वेळ लागतो आणि कोणत्या खुणेपाशी थांबायचं, हे एका वाक्यात बसतं.

आता मजकूर

मोबाइलवर फोटोखालच्या मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच आधी दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. म्हणून दिवस, वेळ, जागा आणि किती जण हवेत हे पहिल्या दोन ओळींत आणायचं. समुद्राचं सौंदर्य आणि आपली तळमळ यांना खाली जागा मिळाली तरी चालेल. वरचे सगळे निर्णय घेतल्यावर आवाहन असं उतरतं:

> रविवार, ता. …, सकाळी ७.१५ ते ९.४५ : दादर चौपाटी.
> किनारा-सफाईसाठी ४० स्वयंसेवक हवेत. आधी नोंदणी आवश्यक.
>
> कुठे जमायचं: चैत्यभूमीशेजारून किनाऱ्यावर उतरतो तिथे, आमच्या हिरव्या फलकाजवळ. दादर स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत २०–२५ मिनिटं.
>
> वेळ कशी जाईल: ७.१५ हजेरी आणि सूचना. ७.३० ते ९.१५ वेचणी. ९.१५ ते ९.४५ वजन, नोंद आणि गोण्या रस्त्यापर्यंत नेणं. ओहोटी ९.१५च्या सुमारास आहे, म्हणून उशिरा आलेल्यांना सामील करून घेता येणार नाही.
>
> काम: प्लास्टिक, थर्माकोल, चपला वेचणं, वाळूत रुतलेलं कापड आणि जाळी ओढून काढणं, गोण्या उचलणं. ओझं उचलता येत नसेल, तर वर्गवारी आणि मोजणी करायलाही माणसं हवी आहेत. काम कोरड्या वाळूवरच होईल, पाण्यात उतरायचं नाही. सुया, काच, बंद पिंप, समुद्री जीव यांना हात न लावता गटप्रमुखाला सांगा.
>
> आम्ही देऊ: जाड हातमोजे, गोण्या, अवजारं, प्रथमोपचार, हात धुवायला पाणी आणि साबण.
>
> तुम्ही आणा: पाय झाकणारे जुने बूट, टोपी, अंगभर कपडे, भरलेली पाण्याची बाटली, तुमची नेहमीची औषधं.
>
> आणू नका: विकतचं बाटलीबंद पाणी, पाकीटबंद खाऊ, दागिने.
>
> कृपया या वेळी येऊ नका: हाताला किंवा पायाला उघडी जखम असेल, ताप असेल तर.
>
> नोंदणी: खालच्या फॉर्मवर, गुरुवारी रात्री १० पर्यंत. १८ वर्षांखालच्यांची नोंद पालकांनी करावी आणि सोबत यावं. ४० नावं झाली की पुढची प्रतीक्षायादीत जातील. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना निरोप येईल.
>
> रद्द कधी होईल: जोराचा पाऊस किंवा मोठ्या भरतीचा इशारा असेल तर. तसं शनिवारी रात्री ९ पर्यंत कळवू.

या मजकुरातली एकही ओळ सजावटीसाठी नाही. ‘उशिरा आलेल्यांना सामील करून घेता येणार नाही’ हे वाक्य कडक वाटतं, पण त्याच्या आधी ओहोटीची वेळ आहे, म्हणून ते वाचणाऱ्याला पटतं. कारण दिलेल्या नियमाला लोक सहसा विरोध करत नाहीत. ‘कृपया येऊ नका’ ही ओळ वाचून एखादा कमी होईल, पण जो येईल तो जखमी होऊन परतणार नाही. ‘ओझं उचलता येत नसेल, तर’ या ओळीने मात्र अशी माणसं येतात, जी एरवी आपण यात बसत नाही असं समजून घरीच राहिली असती.

आवाहन नीट झालं की नाही, हे किती जणांनी ते आवडलं म्हणून खूण केली यावरून कळत नाही. शनिवारी आलेले प्रश्न मोजावेत. सहा जणांनी ‘हातमोजे आणायचे का?’ विचारलं, तर ती ओळ मजकुरात असूनही दिसली नाही. पुढच्या वेळी ती वर घ्यायची. नऊ वाजता किती जण थांबले तेही पाहावं. निम्मे निघून गेले असतील, तर शेवटच्या अर्ध्या तासाची ओळ स्पष्ट नव्हती. आलेल्यांमध्ये आयोजकांच्या ओळखीचे किती आणि अनोळखी किती, हेही लिहून ठेवावं. अनोळखी माणसं वाढत गेली, तर मजकूर आपल्या वर्तुळाबाहेर पोहोचतोय.

आणि सफाई झाली की त्याच दिवशी दुसरा छोटा मजकूर द्यायचा: किती गोण्या भरल्या, किती किलो वजन झालं, सगळ्यात जास्त काय सापडलं आणि गोण्या घेऊन गाडी गेली की नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५मध्ये सुरू केलेली सफाई आठवड्यामागून आठवडे चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना २०१६ साली गौरवलं. मोठ्या किनाऱ्याचं काम एका रविवारी संपत नाही, हे त्यातून सगळ्यांनी पाहिलं. पुढचा समुद्राला मान्य असलेला रविवार कोणता, ती तारीखही या दुसऱ्या मजकुराच्या शेवटी देता येते. आज आलेल्यांपैकी काही जण ती लगेच आपल्या दिनदर्शिकेत लिहून ठेवतील. पुढच्या सफाईचे पहिले दहा स्वयंसेवक बहुधा त्यांच्यातूनच मिळतात.